मार्च की तीन महिने?

मँडरिन चिनी भाषेत मार्च महिन्याला ‘सान युए’ म्हणतात. ‘सान’ म्हणजे तीन आणि ‘युए’ म्हणजे महिना. वर्षातला तिसरा तो मार्च, इतका सरळ हिशेब. पण ‘तीन महिने’ म्हणायचं असेल तर याच दोन शब्दांच्या मध्ये आणखी एक इवलासा शब्द बसवावा लागतो: ‘सान गऽ युए’. मी तिथे तीन महिने राहणार आहे, असं सांगताना हा ‘गऽ’ राहून गेला, तर ऐकणारा समजतो की पाहुणा मार्चमध्ये येतोय. दोनच्या बाबतीत तर आकडासुद्धा रूप बदलतो. फेब्रुवारी म्हणजे ‘अर युए’ आणि दोन महिने म्हणजे ‘ल्यांग गऽ युए’. नुसता मोजणीतला दोन ‘अर’, पण मध्ये हा शब्द आला की त्याच्याआधी ‘ल्यांग’च म्हणायचं.

आठवड्याचंही असंच आहे. ‘शिंगछी’ म्हणजे आठवडा. ‘शिंगछी सान’ म्हणजे बुधवार, कारण चिनी आठवडा सोमवारपासून मोजतात. ‘सान गऽ शिंगछी’ म्हणजे तीन आठवडे. (चिनी उच्चार देवनागरीत अदमासानेच उतरतात आणि त्यांतले चार सूर तर मुळीच उतरत नाहीत, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचावं.)

आकडा आणि नाम यांच्यामध्ये येणाऱ्या या शब्दांना चिनी व्याकरणात ‘ल्यांगत्सी’ म्हणतात. आपण मापशब्द म्हणू. चिनी शिकायला लागलेल्या मराठी माणसाला हा पहिल्या काही धड्यांतच भेटतो आणि बहुतेक वेळा त्याची ओळख एका लांबलचक यादीच्या रूपात होते: पुस्तकाला ‘बन’, कागदाला ‘जांग’, माशाला ‘थ्याओ’, छत्रीला ‘बा’. विद्यार्थी यादी पाठ करतो. पण या शब्दावाचून का भागत नाही, तो नेमकं कोणतं काम करतो, हे त्याला कुणी सांगत नाही, आणि या प्रकरणातला सगळा रस तर तिथेच आहे. म्हणून यादी थोडा वेळ बाजूला ठेवून एकच शब्द घेऊ आणि त्याच्याबरोबर तीनचा आकडा वापरून पाहू.

‘लोउ’ हा तो शब्द. माडी, मजला, अनेक मजली इमारत, हे सगळं या एका शब्दात येतं. ‘सान लोउ’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘तिसरा मजला’. लिफ्टमध्ये उभं राहून हेच सांगायचं. तळमजला हाच तिथे पहिला मजला धरतात, त्यामुळे आपल्याला तो दुसरा वाटेल, पण तो वेगळा भाग झाला. ‘सान त्संग लोउ’ म्हटलं की अर्थ होतो तीन मजले. ‘त्संग’ म्हणजे थर, पुट. आणि ‘सान दुंग लोउ’ म्हटलं की तीन स्वतंत्र इमारती, कारण ‘दुंग’ हा उभ्या घरांसाठीचा मापशब्द आहे. आकडा एक, नाम एक, आणि तरी तीन वेगळ्या गोष्टी. काय मोजतोय हे नामानं सांगितलंच नाही, ते सांगितलं मधल्या शब्दानं. आणि मधला शब्द नसताना तर मोजणी झालीच नाही. ‘सान लोउ’, ‘सान युए’, ‘शिंगछी सान’ ही सगळी क्रमाची नावं आहेत, संख्या नव्हेत. आकडा नामाला थेट चिकटला की तो पाटीवरच्या क्रमांकासारखा वाचला जातो. मापशब्द आला की तो मोजू लागतो.

मराठीत ही अडचण का येत नाही? कारण आपलं नाम आपलं एकक बरोबर घेऊनच येतं. ‘पुस्तक’ म्हणताच एक सुटी, अखंड वस्तू डोळ्यांपुढे येते. एकाहून जास्त असतील तर ‘पुस्तकं’. एकवचन की अनेकवचन हे ठरवल्याशिवाय मराठी माणूस ते नाम उच्चारूच शकत नाही. चिनी ‘शू’ हा शब्द असं काहीही ठरवत नाही. एक पुस्तक, दहा पुस्तकं, ते समोरचं पुस्तक, ‘पुस्तक’ ही गोष्टच, या सगळ्यांना ‘शू’. ‘वो माइ शू’ याचा अर्थ मी पुस्तक घेतो, पुस्तकं घेतो, पुस्तकांची खरेदी करतो, यांपैकी काहीही. हे नाम जातीचं नाव सांगतं. त्या जातीतला एक नग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ते सांगत नाही.

अशी नामं मराठीतही आहेत. ‘पाणी’ घ्या. ‘तीन पाणी’ म्हणून काही कळत नाही. कसलं तीन? पेले, हंडे की टँकर? म्हणून आपण ‘तीन पेले पाणी’, ‘दोन किलो साखर’, ‘चार वाट्या भात’ म्हणतो. आधी आकडा, मग माप, मग वस्तू, आणि मध्ये ‘चा-ची-चे’ काही नाही. चिनीत ‘तीन पेले पाणी’ याचा क्रम हुबेहूब हाच आहे: ‘सान बेइ श्वेइ’. फरक एवढाच की आपण जे पाण्याला, साखरेला, भाताला करतो, ते चिनी भाषा पुस्तकाला, माणसाला, टेबलालाही करते. ‘सान बन शू’. तिथे प्रत्येक नाम पाण्यासारखं वागतं आणि मोजण्याआधी त्याला एकक द्यावं लागतं.

हाच विचार इटलीतून आलेले भाषाशास्त्रज्ञ जेन्नारो कियेर्किया यांनी 1998 साली काटेकोर सिद्धांताच्या रूपात मांडला. चिनी नामं मुळात जातिवाचक असतात, म्हणून त्यांना अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही आणि म्हणूनच आकड्याला मापशब्दाची गरज पडते, असा त्यांचा युक्तिवाद. या दोन गोष्टींचं नातं अमेरिकेच्या जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1972 सालीच जगभरच्या भाषा पाहून दाखवलं होतं: ज्या भाषांत मापशब्द सक्तीचे, त्यांत अनेकवचन सहसा सक्तीचं नसतं. चिनीत माणसांच्या नामांना लागणारा एक बहुवचनी प्रत्यय आहे खरा, पण ‘तीन विद्यार्थी’ म्हणताना आकडा आणि मापशब्द आले की तो प्रत्यय चालत नाही. आपल्या देशात बंगालीत याचं जवळचं उदाहरण सापडतं. तिथे तीन पुस्तकांना ‘तिनटे बोई’ म्हणतात. ‘बोई’ला अनेकवचन लागत नाही आणि आकड्याला ‘टे’ लागतो. मराठीत ‘पाच जण आले’ मधला ‘जण’ याच कुळातला आहे, पण तो माणसांपुरता आणि ऐच्छिक. ‘पाच माणसं आली’ हेही तितकंच बरोबर.

कियेर्किया यांचं म्हणणं ऐकताक्षणी पटतं, पण चिनी भाषा ‘पुस्तक’ आणि ‘पाणी’ यांत खरोखर काहीच भेद करत नाही का? तसं नाही. लायडन विद्यापीठातले लिसा चेंग आणि रिंट सिबेस्मा यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस यासाठी साध्या कसोट्या सुचवल्या. एक अशी: ‘तीन वाट्या सूप’ मध्ये ‘वाट्या’ आणि ‘सूप’ यांच्यामध्ये चिनी षष्ठीचा ‘द’ घालता येतो, अर्थ थोडा सरकतो इतकंच. पण ‘आठ थोउ बैल’ (‘थोउ’ म्हणजे डोकं, गुरांचा मापशब्द) यात तो ‘द’ घातला की चिनी कानाला खटकतं. दुसरी कसोटी विशेषणाची. ‘पुस्तकांचा एक मोठा खोका’ म्हणताना ‘मोठा’ हा शब्द खोक्याच्या मापाआधी घालता येतो, पण ‘एक मोठा जृ कुत्रा’ अशी रचना होत नाही. ‘जृ’ हा प्राण्यांचा मापशब्द आहे आणि ‘मोठा’ कुत्र्यालाच लावावा लागतो. म्हणजे मापशब्दांचे दोन प्रकार झाले. वाटी, खोका, किलो ही मापं बाहेरून आणलेली, पाण्यावर लादलेली. ‘बन’, ‘थोउ’, ‘जृ’ हे मात्र वस्तूत आधीपासून असलेलं एकक फक्त उघड करतात. पुढच्या संशोधकांना या कसोट्यांना अपवाद सापडले, पण भेद टिकला आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कारण त्यामुळे ‘चिनी माणसाला जग वस्तूंच्या ऐवजी पदार्थांचं बनलेलं दिसतं’ ही पसरलेली कल्पना निकालात निघते. पुस्तक सुटं असतं आणि पाणी नसतं हे चिनी भाषेला नीट ठाऊक आहे. फक्त ते ती नामावर न लिहिता मापशब्दावर लिहिते.

तैवानचे भाषाशास्त्रज्ञ हऽ वानशुन यांनी हाच भेद गणितात मांडला, आणि मला तो सगळ्यांत स्वच्छ वाटतो. आकडा आणि मापशब्द यांच्यातलं नातं गुणाकाराचं आहे, असं ते म्हणतात. ‘सान दा’ अंडी म्हणजे तीन डझन, तीन गुणिले बारा. ‘सान श्वांग’ बूट म्हणजे तीन जोड, तीन गुणिले दोन. आणि ‘सान बन’ पुस्तकं म्हणजे तीन गुणिले एक. एकानं गुणल्यानं उत्तर बदलत नाही, म्हणून परक्याला हा ‘बन’ निरर्थक वाटतो. पण गुणाकार झालेला असतो. तीनशेला चिनीत ‘सान बाय’ म्हणतात, तीन गुणिले शंभर. रचना तीच.

या गुणाकाराचा पुरावा बोलण्यात मिळतो. ‘तीन पुस्तकं’ मधलं ‘पुस्तकं’ गाळून ‘सान बन’ एवढंच म्हणता येतं, दुकानदार विचारतो किती, आणि गिऱ्हाईक सांगतं ‘सान बन’. नुसतं ‘सान’ अपुरं वाटतं. उलट ‘माइ बन शू’, म्हणजे ‘एखादं पुस्तक घे’, यात ‘एक’ हा आकडाच गळून जातो आणि ‘बन’ राहतो. म्हणजे मापशब्द आकडा आणि नाम यांच्या बरोबर मध्यावर उभा नाही. तो आकड्याला बिलगलेला आहे. हा, तो, कोणता, किती, प्रत्येक, या शब्दांनाही तो तसाच बिलगतो: ‘हे पुस्तक’ म्हणजे ‘जऽ बन शू’.

एकक पुरवणं हेच मापशब्दाचं काम असेल, तर जे नाम स्वतःच एकक आहे त्याला मापशब्द लागू नये. आणि तसंच आहे. ‘थ्येन’ म्हणजे दिवस, ‘न्येन’ म्हणजे वर्ष. तीन दिवस म्हणजे ‘सान थ्येन’, तीन वर्षं म्हणजे ‘सान न्येन’. इथे ‘गऽ’ घातला की चूक. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी नेमका इथे अडखळतो. महिन्याला आणि आठवड्याला ‘गऽ’ लावायची सवय लागली की तो दिवसालाही लावतो. दिवस आणि वर्ष हे शब्द किलो-मीटरसारखे मापशब्दच होऊन बसले आहेत, तर महिना हा नामच राहिला आहे, असं समजलं की हा गोंधळ मिटतो. चिनी तास तर मधल्या उंबऱ्यावर आहे. ‘सान श्याओशी’ आणि ‘सान गऽ श्याओशी’ दोन्ही चालतं.

आता इतिहासाकडे वळू, कारण तो या सिद्धांताला एक अवघड प्रश्न विचारतो. जुन्या चिनीत हे शब्द सक्तीचे नव्हतेच. कन्फ्यूशिअसची वचनं असलेल्या ‘लुन्यू’ या ग्रंथात तीन माणसांना नुसतं ‘सान रन’ म्हटलं आहे. आज ‘सान गऽ रन’ म्हणावं लागतं. तेव्हाही नामांना अनेकवचन नव्हतं, तेव्हाही ती जातिवाचकच होती, आणि तरी आकडा थेट लागत होता. त्या काळाचे ठसे आजच्या वाक्प्रचारांत जसेच्या तसे आहेत. ‘वू हू स हाय’, म्हणजे पाच सरोवरं चार समुद्र, अर्थात देशाचा कानाकोपरा. यात मापशब्द घातला तर वाक्प्रचार मोडतो. म्हणून नामाचा स्वभाव हे मापशब्दाचं अर्धंच स्पष्टीकरण आहे, असं माझं मत झालं आहे. त्या स्वभावामुळे मापशब्दाला जागा मिळाली. ती जागा सक्तीची झाली ती मात्र शतकानुशतकांच्या सवयीनं.

ती सवय कशी लागली याचे काही टप्पे दिसतात. आन्यांग इथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी तेराव्या ते अकराव्या शतकातल्या प्रश्नास्थींवर, म्हणजे भविष्य विचारण्यासाठी वापरलेल्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर, कवड्या माळांत मोजलेल्या आहेत. तिथेच ‘माणसं दहा आणि सहा माणसं’ अशा धर्तीची नोंदही आहे. आधी वस्तू, मग आकडा, मग तीच वस्तू पुन्हा मापाच्या जागी. यादी करणाऱ्या कारकुनाची ही रीत. आधी रकान्यात मालाचं नाव, मग संख्या, मग एकक. हान राजवटीच्या काळात (इसवी सनापूर्वी 206 ते इसवी सन 220) हा क्रम रूढ होता आणि ‘मेइ’ हा एक सर्वसाधारण मापशब्द बहुतेक सगळ्या वस्तूंना चालू लागला होता. ‘मेइ’चा मूळ अर्थ झाडाचं खोड. पुढच्या चार शतकांतल्या मापशब्दांचा अभ्यास ल्यू शीरू यांनी केला, त्यांचा ग्रंथ 1965 साली आला. या काळात मापशब्दांची संख्या वाढली आणि आकडा-मापशब्दाची जोडी नामाच्या मागून पुढे सरकू लागली, असं त्यांनी दाखवलं. जोडी नामाच्या पुढे आली आणि आकडा व नाम यांच्यामध्ये मापशब्द सापडला तो असा. नंतर ‘मेइ’ मागे पडला आणि त्याची जागा ‘गऽ’नं घेतली. तो मुळात बांबूचे दांडे मोजायचा शब्द.

कोणत्या वस्तूला कोणता मापशब्द, याच्या मागेही असेच जुने प्रवास आहेत, आणि ते कळले की यादी पाठ करण्याचं ओझं हलकं होतं. ‘जांग’ या चिन्हात डाव्या बाजूला धनुष्य आहे. मूळ अर्थ धनुष्याची दोरी ताणणं. आधी धनुष्यं मोजली, मग ताणून पसरलेली प्रत्येक गोष्ट. म्हणून आज कागद, नकाशा, तिकीट, टेबल, पलंग आणि माणसाचा चेहरा या सगळ्यांना ‘जांग’. खुर्ची मात्र यात नाही. ती पाठीला धरून उचलतात, म्हणून तिला ‘बा’, म्हणजे मूठ. छत्री, सुरी, किल्ली हीही मुठीतली. ‘थ्याओ’ म्हणजे मूळची डहाळी, म्हणून लांब आणि वळणारं ते सगळं त्याचं: नदी, रस्ता, दोरी, साप, मासा, विजार. एवढ्यावर तो थांबला नाही, बातमीलाही आणि माणसाच्या प्राणालाही ‘थ्याओ’च लागतो. ‘जृ’ चं पारंपरिक चिन्ह म्हणजे हातात धरलेला एक पक्षी. तेच चिन्ह दोन पक्ष्यांचं केलं की होतो ‘श्वांग’, जोडी. चपला, मोजे, डोळे, काड्या ‘श्वांग’मध्ये मोजतात. घरात माणसं किती, असं विचारताना ‘खोउ’ वापरतात, म्हणजे तोंड. घरात खाणारी तोंडं किती, असं आपणही म्हणतोच. पण हॉटेलात आलेल्या पाहुण्यांना तोंडांत मोजत नाहीत. तिथे ‘वेइ’ हा आदराचा शब्द येतो, म्हणजे आसन, स्थान.

चुकीचा मापशब्द वापरला तर काय होतं? बहुतेक वेळा समोरच्याला कळतं. ‘गऽ’ हा सगळ्यांत जास्त चालणारा, चिनी मुलं पहिल्यांदा तोच शिकतात आणि बराच काळ सगळ्याला तोच लावतात. मोठी माणसंही बोलण्याच्या ओघात तो सढळपणे वापरतात. ‘सान गऽ शू’ हे ऐकायला लहान मुलासारखं वाटतं, पण अर्थ पोचतो. मापशब्दच नसला तर मात्र वाक्य कोलमडतं किंवा ‘मार्च’ होऊन बसतं. म्हणून शिकणाऱ्याला मी सांगेन की शब्द आठवत नसेल तर ‘गऽ’ म्हणा, पण जागा रिकामी ठेवू नका. आणि नवं नाम लिहून घेताना ते मापशब्दासकट लिहा, ‘शू’ नव्हे तर ‘यी बन शू’. ल्यू शूश्यांग यांच्या संपादनाखाली 1980 साली निघालेल्या आठशे चिनी शब्दांच्या प्रसिद्ध कोशाला नाम आणि मापशब्द यांच्या जोड्यांचा तक्ता जोडलेला आहे, तो या कामी आजही उपयोगी पडतो.

एकीकडे ‘गऽ’ पसरतो आहे, आणि दुसरीकडे हान काळातला ‘मेइ’ पुन्हा बोलू लागला आहे. गेली अनेक शतकं तो पदकं, नाणी, अंगठ्या अशा लहानसहान वस्तूंपुरता उरला होता. इंटरनेटवरच्या तरुण चिन्यांनी तो माणसांना लावायला सुरुवात केली. आपली ओळख करून देताना कुणी लिहितं ‘श्वाइगऽ यी मेइ’: देखणा तरुण, एक नग. नाम आधी, मग आकडा, मग मापशब्द. हान काळातल्या याद्यांचा क्रम हाच होता.